नकाशात नसलेला जनरेटर

अप्पा लिफ्टमध्ये अडकले तेव्हा जनरेटर व्यवस्थित सुरू झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे कितीतरी दिवस सगळे मला हेच ऐकवत होते. जनरेटर तर सुरू झाला ना? मग? जणू मीच लिफ्टची वायर दाताने तोडली होती.

मुलुंडला आमची सात मजल्यांची सोसायटी, आम्ही सहाव्यावर. अप्पा आणि मी, दोघंच. अप्पांच्या किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी लवकर जायचं आणि ऐन दुपारी परत यायचं. डायलिसिसहून येणारा माणूस ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, पिळून दोरीवर टाकलेला पंचा असतो तो. रिक्षातून लिफ्टपर्यंतची चार पावलंसुद्धा अप्पा माझ्या खांद्यावर भार टाकून चालायचे.

त्या मंगळवारी आम्ही आलो तर लाईट गेलेली. मे महिना, बाहेरचा रस्ता खोदून ठेवलेला, आणि कुदळ केबलला लागली की आमच्या अख्ख्या गल्लीचा पुरवठा बंद. वॉचमन म्हणाला, "आत्ताच गेली, पण जनरेटर चालू झालाय, जावा तुम्ही." गेलो. लिफ्ट निघाली. तिसरा मजला ओलांडला आणि मागच्या बाजूचा जनरेटरचा आवाज एकदम चढला, कुणीतरी किंचाळावं तसा, आणि थांबला. काळोख. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला, लिफ्टमधला दिवा आला, मी देवाचं नाव घेतलं, अप्पांना सावरून बटण दाबायचं सुचेपर्यंत पुन्हा तीच किंचाळी. लिफ्टची आणीबाणीची बॅटरी केव्हाच मेली होती. शेवटी वॉचमनने वर जाऊन हाताने चाक फिरवत लिफ्ट तिसऱ्यावर आणली. तोवर अप्पा लिफ्टच्या जमिनीवर बसले होते, सुयांच्या पट्ट्या लावलेला हात छातीशी धरून. घामाने सदरा चिकटलेला. मला म्हणाले, "दार उघड गं." लहान मुलासारखं. मी माझ्या बापाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

उरलेले मजले पायरीपायरीवर बसत चढून घरी आल्यावर, पाणी नाही, चहा नाही, त्यांनी जाहीर केलं. "मी आता जाणार नाही."

मला वाटलं, आजचा दिवस नाही म्हणतायत. पण अप्पा भांडुपच्या एका कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात आयुष्य घालवलेले. नापास म्हणजे नापास. बुधवारी मी खुर्चीचा विषय काढला. लाईट गेली तरी खुर्चीत बसवून चौघं जण जिन्याने आणतील, शेजारी हो म्हणालेत. त्यावर अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "चौघांनी उचलायची वेळ एकदाच येते. ती मी आधी वापरणार नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, जी आधीच घासलेली होती.

संध्याकाळी जनरेटरचा मेकॅनिक आला. लाईट आलेली होती. त्याने जनरेटर चालवून दाखवला, मस्त गुरगुरत होता. "मशीन एकदम झकास आहे मॅडम," म्हणाला. मी म्हटलं, मग काल काय झालं? म्हणाला, "डिझेलमध्ये कचरा आला असेल." सेक्रेटरी काकांनी मान डोलावली. मागच्या महिन्यात रात्री लाईट गेली होती तेव्हा जनरेटर तासभर न कुरकुरता चालला होता, याची त्यांनी मला आठवण करून दिली. खरंच चालला होता. सगळं खरं होतं आणि माझा बाप डायलिसिसला जायला तयार नव्हता.

गुरुवार गेला. मी विनवण्या केल्या, रागावले, बोलणं बंद केलं. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, एक खाडा कसाबसा निभेल, दुसरा धोक्याचा, तिसरा झाला तर मला फोन करू नका, सरळ आयसीयूत आणा. अप्पांच्या पावलांवर सूज चढली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. रात्री आडवं झालं की दम लागायचा म्हणून उशांची उतरंड करून बसल्या बसल्या झोपायचे. दिवसाला मोजून दिलेलं पाणी, त्यातलंही ते वाटीत बर्फ करून चघळायचे. मी त्यांच्याकडे बघत बसायचे आणि मनात एकच यायचं की हा माणूस माझ्यासमोर बुडतोय, घरातल्या कॉटवर, आणि मला काही म्हणजे काही करता येत नाही.

शनिवारी सकाळीही ते उठले नाहीत. म्हणजे दुसरा खाडा. मी ऑफिसला दांडी मारली होती. माझं ऑफिस म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. तिथे विजेची पॅनल, म्हणजे स्विचची कपाटं, बनतात आणि मी त्यांचे नकाशे काढते. कुठून वीज येते, कुठला स्विच, कुठे जाते, सगळं एका रेघेत. सोलरचं काम आम्ही करत नाही. सोसायटीने दिवाळीनंतर गच्चीवर सोलर बसवलं तेव्हा कुणी मला विचारलं नाही, आणि मीही अप्पांच्या धावपळीत बघितलं नाही. सामाईक लाईटचं बिल उतरलं म्हणून पेढे आले, ते मात्र मी खाल्ले.

दुपारी बाराच्या सुमारास लाईट गेली. डोक्यावर कडक ऊन. मागे जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी अप्पांना सांगितलं, "आलेच," आणि चपला न घालता सहा मजले धावत उतरले. मला त्या जनरेटरला एकदा मरताना बघायचं होतं.

मीटररूममध्ये वॉचमन उभा होता. जनरेटर चांगला चालला होता. भिंतीवर वीज कंपनीचा मोठा मीटर, जो गच्चीवरून बाहेर जाणारी आणि बाहेरून येणारी अशी दोन्हीकडची वीज मोजतो, तो काळा पडलेला. बरोबरच आहे, कंपनीची वीजच नव्हती. त्याच्या शेजारी सोलरने किती वीज बनवली ते मोजणारा छोटा मीटर. त्याचा आकडा दिसत होता, कारण जनरेटरची वीज तिथवर पोचत होती. त्यावरचा लाल ठिपका मात्र स्थिर होता. वीज मोजली जाते तेव्हा तो लुकलुकतो.

मी बघत होते. मिनिटभर गेलं असेल. ठिपका लुकलुकला. मग पुन्हा. मग भराभर.

पाठीमागे जनरेटरचा आवाज चढायला लागला.

"फिरसे करेगा मॅडम," वॉचमन म्हणाला, आणि त्याने केलंच. किंचाळला आणि मेला. ठिपकाही विझला. मी वॉचमनला म्हटलं, पुन्हा चालू कर. त्याने केला. जनरेटर गुरगुरला, मिनिटभर सगळं शांत, ठिपका जागा झाला, आणि पुन्हा तेच. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. कंपनीची वीज गेलेली असताना सोलर चालूच कसं होत होतं? गच्चीवरच्या पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा जो इन्व्हर्टर असतो, तो कंपनीची वीज गेली की स्वतःहून बंद पडायला हवा. तसा नियमच आहे. नाहीतर रस्त्यावर केबल जोडणाऱ्या माणसाला आमची गच्ची शॉक देऊन मारेल. मग हा कुणाच्या जोरावर चालू होत होता?

भिंतीवर सोलरचा सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे एका रेघेतला नकाशा होता, प्लास्टिकमध्ये घालून खिळ्याला अडकवलेला. मी तो खाली काढला. वरती पॅनल. त्याखाली फ्यूज आणि विजेच्या लोळापासून वाचवणारं उपकरण असलेली डीसी पेटी. मग इन्व्हर्टर. मग एसी पेटी, तिच्यात ब्रेकर. मग सोलरचा मीटर, मग सामाईक पॅनल, शेवटी कंपनीचा मीटर आणि बाहेरची लाईन. बाजूला तीन वेगळ्या अर्थिंगच्या खुणा. स्वच्छ काम, परीक्षेत काढून दिलं असतं तर मलाही शंभरपैकी नव्वद पडले असते. पण त्यात जनरेटर नव्हता. आमच्या सोसायटीत, मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला, दरवर्षी ज्याला दसऱ्याला हार घालतात तो जनरेटर, नकाशात कुठेच नव्हता. ज्या इमारतीत जनरेटर नाही तिचा नकाशा उचलून खाली फक्त आमचं नाव घातलं होतं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं.

मी वॉचमनची टॉर्च घेतली आणि सोलरची केबल कुठे जाते ते डोळ्यांनी पकडत गेले. ती गेली होती लिफ्टच्या पॅनलमध्ये. तिथे एक ब्रेकर रिकामा होता, जवळचाही होता, बसवणाऱ्याने तिथे जोडून दिली. पण लिफ्टचं पॅनल चेंजओव्हरच्या पलीकडे आहे. चेंजओव्हर म्हणजे कंपनीची वीज किंवा जनरेटरची, दोन्हीतली एकच आत सोडणारा स्विच. तो जनरेटरकडे फिरला की लिफ्टच्या पॅनलमध्ये जनरेटरची वीज येते, आणि बिचाऱ्या इन्व्हर्टरला काय कळणार? त्याला वाटतं कंपनी परत आली. नियमाप्रमाणे मिनिटभर थांबतो, खात्री करतो, आणि गच्चीवरची सगळी वीज ओतायला लागतो. लिफ्ट उभी असली की घेणारं कुणी नाही, चालली तरी तिला एवढी लागत नाही. मग ती उलटी जनरेटरमध्ये घुसते, तो बेफाम होतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. रात्री ऊन नसतं, म्हणून रात्री तो शहाण्यासारखा चालायचा. मेकॅनिक संध्याकाळी आला, म्हणून मशीन झकास. घोडं इथे पेंड खात होतं.

मी गुडघे टेकून तिथेच बसले. खिशातल्या पेन्सिलीने त्या प्लास्टिकवर जनरेटर काढायचा प्रयत्न केला, पेन्सिल उमटेना.

रविवारी सकाळी मी कमिटीच्या खोलीत साध्या कागदावर तोच नकाशा जनरेटरसकट काढून सेक्रेटरी काकांसमोर ठेवला. सोलरच्या कंत्राटदाराचा इंजिनियरही आला होता, गळ्यात ओळखपत्र घालून, रविवारीसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंग अप्रूव्ह आहे. कंपनीचे लोक येऊन टेस्टिंग करून गेलेत. मेन बंद केला, इन्व्हर्टर बंद पडला, पास."

"तेव्हा जनरेटर चालू झाला होता?" मी विचारलं.

तो सेक्रेटरी काकांकडे बघायला लागला. काका चष्मा पुसायला लागले. साठी ओलांडलेला माणूस, सोलरवर स्वतःच्या नातवासारखं प्रेम. पुसत पुसतच म्हणाले, "जनरेटर मी ऑफवर ठेवला होता. दोन-तीनदा लाईट घालवणार म्हणाले, प्रत्येक वेळी कशाला डिझेल जाळा?"

मी बोलले. मला राग आवरत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मी म्हटलं, "काका, वाट लागली माझ्या घराची. अप्पांनी दोन वेळा डायलिसिस चुकवलंय. मंगळवारी नाही गेले तर ते जातील, कळतंय का तुम्हाला? तुमचा नकाशा पास आहे, तुमचा जनरेटर पास आहे, तुमचं सोलर पास आहे, आणि माझा बाप वर कॉटवर बसून श्वास ओढतोय!"

कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "तोपर्यंत त्यांना खाली कुणाकडे ठेवता येईल का?" कोण ते मी बघितलंही नाही, बघितलं असतं तर बरं झालं नसतं. काका उठले. तडक मीटररूममध्ये गेले आणि सोलरचा ब्रेकर त्यांनी स्वतःच्या हाताने खाली पाडला. मग इंजिनियरला म्हणाले, "उद्या माणसं घेऊन ये. ही केबल चेंजओव्हरच्या अलीकडे, कंपनीच्या बाजूला जोडायची. आणि नवा नकाशा कंपनीला पाठव. त्यांचा होकार येईस्तोवर हे बंद." इंजिनियर म्हणाला, सर, सोमवारी टीम बोरिवलीला आहे. काका त्याला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. मला वाटायचं, त्यांना असलं बोलता येत नाही.

सोमवारी केबल हलली. परवानाधारक सुपरवायझरने माझा कागद समोर ठेवून जोडणी तपासली, तीन जागी दुरुस्ती सुचवली, दोन बरोबर होत्या. संध्याकाळी मी वर जाऊन अप्पांना सांगितलं, झालं. आता लाईट गेली की सोलर कंपनीच्या मेलेल्या लाईनवर राहील, इन्व्हर्टर गप्प बसेल, जनरेटर एकटा लिफ्ट चालवेल. शिवाय सध्या सोलर बंदच आहे. उद्या जायचं.

अप्पांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, "बंद ठेवलेल्याची काय परीक्षा? उद्या कोणीतरी चालू करेल. त्या दिवशी मी आत असेन."

"मग काय करू मी, अप्पा?"

"सोलर चालू कर. उन्हात. लाईट घालव." थांबले. "मी आत असताना."

मी ओरडले. तुम्ही वेडे आहात, अंगात एवढं पाणी, उभं राहवत नाही, काही बिनसलं तर दुसऱ्यांदा अडकाल, मी काय करू तिथे, मला मारायचंय का तुम्हाला? ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मी न तपासता सही केली नाही कधी." आणि मला कळलं की हा हट्ट नव्हता. त्यांना यायचं होतं. भीती एवढी होती की तिच्यातून बाहेर पडायला त्यांना दुसरी वाटच सापडत नव्हती. मी डायलिसिस सेंटरला फोन करून सकाळऐवजी दुपारची वेळ मागितली. ते म्हणाले, मिळेल, पण उशीर चालणार नाही.

मंगळवारी भर दुपारी इंजिनियरने चाचणीपुरतं सोलर चालू केलं. गच्चीवर पाय भाजत होते म्हणे. मी अप्पांना खुर्चीवरून उठवून लिफ्टमध्ये नेलं, आत त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. फोन चालू ठेवून काकांना सांगितलं, निघालो. पाचव्याच्या खाली आलो आणि काकांनी खाली मेन पाडला.

काळोख. त्या काळोखात फक्त अप्पांचा श्वास. मी स्वतःला शिव्या घालत होते, आपण काय करून बसलो. मग मागून जनरेटरचा आवाज आला, दिवा लागला. अप्पांनी स्वतःच बटण दाबलं. चौथा. तिसरा. लिफ्ट हलत होती. दुसरा. पहिला. तळमजला आला, दार उघडलं. बाहेर काका, इंजिनियर, वॉचमन. सगळ्यांचे चेहरे खुलले. मी अप्पांच्या काखेत हात घातला.

त्यांनी तो बाजूला केला आणि सहाचं बटण दाबलं.

"अप्पा!"

"मिनिट कुठे झालंय?" ते म्हणाले.

दार बंद झालं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, मी रागारागात सांगितलेलं ते इन्व्हर्टर थांबायचं मिनिटसुद्धा. लिफ्ट वर निघाली. पहिला, दुसरा. तिसरा आला तेव्हा मी कान त्या आवाजाकडे लावून उभी होते, चढतोय का, चढतोय का. अप्पांनी माझं मनगट धरलं. पकड एवढी घट्ट की बांगडी रुतली, आणि तळहात बर्फासारखा गार आणि ओला. तेवढ्यात तिसरा मागे पडला. चौथा. पाचवा. फोनमधून काकांचा मीटररूममधला आवाज आला, ठिपका हललेला नाही, इन्व्हर्टर मेलाय पार. जनरेटर एकाच सुरात गुरगुरत होता. सहाव्यावर दार उघडलं, आमचा दरवाजा समोर, अप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं. उतरताना त्यांनी मनगट सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.

खाली काका डोळे पुसत होते. मी तर कधीच रडायला लागले होते. अप्पा स्टुलावरून माझा आधार घेऊन उठले, दम खात बाहेर आले आणि मला म्हणाले, "रडत काय बसलीस? रिक्षा बोलव. उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतील."